भावंडांचं संमेलन, भिंतीवरचा वंशवृक्ष आणि नावाचे बिल्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चुलत, आते, मामे, मावस अशी सगळी भावंडं पुण्यात एका दिवसासाठी जमवायची ठरली की हॉल आणि जेवण यांचा सल्ला द्यायला घरात दहा माणसं असतात. वंशवृक्ष कसा लावायचा आणि बिल्ल्यावर काय लिहायचं हे मात्र आदल्या आठवड्यात आठवतं, आणि ते काम ज्या पुतण्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या गळ्यात पडतं. त्या पुतण्यासाठी हे पान आहे.

सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. मूळ आजोबा-आजी, त्यांची ६ मुलं (४ मुलगे, २ मुली), २३ नातवंडं म्हणजे आपली ‘भावंडं’, त्या भावंडांची ५१ मुलं आणि त्यांची २९ लहान पोरं. सुना-जावई धरून एकूण १७२ नावं. यातली काही माणसं आता नाहीत, काही परदेशात आहेत. प्रत्यक्ष शंभराच्या आसपास येतील असं समजू.

आधी काय करायचं, हॉल की यादी?

हॉल लवकर धरावा लागतो हे खरं, पण हॉल केवढा हवा हे यादीशिवाय कळत नाही. म्हणून यादी आधी. आणि यादी एकच हवी. वंशवृक्षासाठी एक, बिल्ल्यांसाठी दुसरी आणि जेवणाच्या आकड्यासाठी तिसरी केली, की आठवड्याभरात तिघींचं एकमेकींशी पटेनासं होतं. एका शीटमध्ये एका माणसाला एक ओळ द्या. रकाने एवढेच पुरतात: क्रमांक, नाव, घरातलं नाव, आडनाव, माहेरचं आडनाव, जन्मवर्ष, हयात की नाही, फोन नंबर, येणार की नाही.

माहिती गोळा करायला सहा शाखांतून एकेक माणूस नेमा. मोठ्या ग्रुपवर ‘सर्वांनी आपापली माहिती पाठवावी’ असं लिहिलं तर उत्तरादाखल नमस्काराचे हात येतात, माहिती येत नाही. शाखेतल्या एखाद्या चौकस वहिनीने फोन फिरवले की चार दिवसांत काम होतं. सुनेला सासरच्या नात्यांचा तपशील घरच्या मुलापेक्षा जास्त पाठ असतो, हे कुठल्याही घरात पडताळून बघा.

क्रमांक कशाला? नावं पुरत नाहीत का?

नाहीत. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळे एकच नाव एकाआड एक पिढीत येतं, आणि कधी दोन चुलत भावांनी आपापल्या मुलाला तेच नाव दिलेलं असतं. आडनाव तर निम्म्या लोकांचं एकच. शिवाय ज्यांना सगळे ‘नाना’ म्हणतात त्यांचं कागदावरचं नाव त्यांच्या सख्ख्या भाच्यालाही ठाऊक नसतं.

पद्धत सोपी आहे. आजोबांच्या सहा मुलांना जन्मक्रमाने १ ते ६ द्या. या झाल्या शाखा. चौथ्या मुलाचं दुसरं अपत्य ४.२, त्याचं पहिलं अपत्य ४.२.१. नवरा किंवा बायको यांना जोडीदाराचाच क्रमांक आणि पुढे ‘स’: ४.२स. दुसरं लग्न असेल तर ४.२स१, ४.२स२. क्रमांक नेहमी जन्मक्रमाने द्या, मुलगा-मुलगी असा भेद करून नको.

शीटमध्ये हे भरताना एक अडचण हमखास येते. क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ केला नसेल तर दहावं अपत्य दाखवणारा ४.१० आपोआप ४.१ होतो, आणि ४.२.१ ची कधीकधी तारीख होऊन बसते. नावं भरण्यापूर्वीच अख्खा रकाना टेक्स्ट करून घ्या. नंतर केला तर बिघडलेले क्रमांक तसेच राहतात. टिंबांवरून पिढी काढायचं सूत्र हे:

```
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,".",""))+2
```

यात आजोबा-आजी पहिली पिढी, त्यांची मुलं दुसरी. आपली २३ भावंडं तिसऱ्या पिढीत येतात. ‘स’ लावलेल्या जोडीदारांनाही हे सूत्र बरोबर चालतं. आजोबा-आजींची ओळ तेवढी हाताने भरा.

या क्रमांकावरून नातं खरंच कळतं का?

कळतं, आणि संमेलनात सगळ्यांत जास्त मजा यातच येते. दोघांच्या क्रमांकातली टिंबं मोजायची. टिंबं सारखी असतील तर पिढी एक, म्हणजे भावंडं. १.३ आणि ४.२ यांचे आई-वडील सख्खी भावंडं, म्हणून हे दोघे पहिल्या नात्याचे. १ आणि ४ दोघेही मुलगे असतील तर चुलत. १ मुलगा आणि ५ मुलगी असेल तर ५.१ हा १.३ चा आतेभाऊ, आणि ५.१ च्या बाजूने बघितलं तर १.३ हा मामेभाऊ. दोन्ही शाखा मुलींच्या असतील तर मावस. १.३.२ आणि ४.२.१ ही एक पायरी लांबची, त्यांचे आई-वडील एकमेकांचे चुलत वगैरे.

टिंबं कमी-जास्त असली की पिढी बदलते. ४.२ हा १.३.२ चा काका, मग वय काहीही असो. मोठ्या कुटुंबात थोरल्याची नातवंडं आणि धाकट्याची मुलं एकाच वयाची असतात, त्यामुळे पस्तिशीतला काका आणि चाळिशीतली पुतणी हा प्रकार निघतोच. कोणी कोणाच्या पाया पडायचं हा वाद मात्र क्रमांकाने सुटत नाही. आमच्याकडे वय जिंकतं.

मुलींच्या शाखा घ्यायच्या का? आमच्या जुन्या वंशावळीत नाहीत.

जुन्या छापील कुलवृत्तांतांतून बहुधा मुलीचं नाव आणि ती कुठे दिली एवढंच असतं, वंश पुढे जातो तो मुलाचाच. कुलाचा इतिहास म्हणून ती रीत होती. पण तुम्ही कुलसंमेलन भरवत नाही आहात, भावंडं जमवता आहात. आत्याच्या मुलांना बोलवायचं आणि भिंतीवर त्यांना जागा द्यायची नाही हे बरं दिसणार नाही. सहाच्या सहा शाखा सारख्या मापाच्या घ्या.

जुनी नावं आणि साल कुठून मिळवायची?

आधी हयात ज्येष्ठांना विचारा, आणि शक्यतो दोघांना एकत्र बसवून विचारा. एकटी आत्या ‘आठवत नाही’ म्हणते. धाकटी बहीण शेजारी बसून काहीतरी चुकीचं बोलली की लगेच सगळं आठवतं.

मग घरातल्या जुन्या लग्नपत्रिका. निमंत्रकांच्या यादीत काका, मामा, आजोळ सगळं एका जागी सापडतं. गावाकडे शेती असेल तर तलाठी कार्यालयातल्या फेरफाराच्या वारस नोंदी बघा. माणूस गेल्यावर त्याच्या वारसांची नावं तिथे चढतात. फक्त मुलींची नावं काही वेळा गाळलेली असतात किंवा नंतर हक्कसोड झालेली असते, म्हणून तीच यादी पूर्ण धरू नका. पूर्वजांनी त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकात काही विधी केला असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावं मिळू शकतात. मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं. आडनावाचा कुलवृत्तांत कधी छापला गेला असल्याची शंका असेल तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात चौकशी करायला हरकत नाही. पण तीनच पिढ्यांपुरतं संमेलन असेल तर एवढं खोल जाण्याची गरज पडत नाही.

जन्मसालाबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख दिसली तर तिच्यावर विसंबू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकून दिलेल्यांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे, आणि साल सुद्धा प्रवेशाच्या सोयीने पुढे-मागे केलेलं असतं. दाखल्यांवरून क्रम लावला तर धाकटा थोरला होतो. भावंडांचा क्रम घरच्यांच्या तोंडूनच घ्या. दुसरी गोष्ट, जुन्या पत्रिकेवर शके असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा जन्म असेल तर ७९ मिळवायचे. शके १८६२ च्या माघातला जन्म म्हणजे १९४१.

दत्तक, घटस्फोट, लहानपणी गेलेली मुलं हे कसं दाखवायचं?

दत्तक मूल ज्या घरात वाढलं तिथे, साध्या रेषेनेच. घरातल्या घरात दत्तक गेलं असेल, म्हणजे धाकट्याचा मुलगा थोरल्याला, तर जन्माच्या जागी फक्त नाव आणि बारीक तुटक रेषा पुरे. घटस्फोट झाला असेल तर त्या माणसाला स्वतःला विचारा, त्याच्या आईला नको. मुलं असतील तर दोन्ही पालकांची नावं ठेवणं सरळ असतं. बालपणी गेलेल्या अपत्याचा उल्लेख करायचा की नाही हे त्या शाखेवर सोडा. नाव भिंतीवर नसलं तरी शीटमध्ये त्याचा क्रमांक राखून ठेवा.

‘कै.’ लावण्याआधी दोनदा खात्री करा. हयात माणसामागे कै. छापलं गेलं तर ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. नावाआधी कै. लिहिण्याऐवजी नावाखाली जन्म-मृत्यूची सालं दिली तर फलक शांत दिसतो आणि चुकीची शक्यताही कमी होते.

एकच मोठा फ्लेक्स केला तर?

सगळ्यांच्या मनात तोच असतो: वर आजोबा-आजी, खाली फांद्या, दहा बाय चार फूट. गणित करून बघा. आपल्या उदाहरणात चौथ्या पिढीत ५१ माणसं आहेत. आजोबा वर आणि वंशज खाली असा वृक्ष काढला की ही सगळी एका आडव्या ओळीत येतात. नाव आणि जोडीदार मावेल असा एक चौकोन किमान १० सेंटिमीटर रुंद हवा, म्हणजे ओळ ५ मीटरच्या वर गेली, सतरा फूट. दहा फुटांत बसवायला अक्षर जवळजवळ निम्मं करावं लागतं, आणि मग सत्तरीतली आत्या चष्मा पुसत उभी राहते.

उपाय म्हणजे वृक्ष शाखांमध्ये तोडायचा आणि प्रत्येक शाखा डावीकडून उजवीकडे काढायची. मधोमध एक छोटा मुख्य फलक, त्यावर आजोबा-आजी आणि सहा मुलं. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन शाखाफलक, प्रत्येकी ३ फूट रुंद आणि ४ फूट उंच. अशा मांडणीत पिढ्या उभ्या रकान्यांत येतात आणि उंची ठरते ती सर्वांत टोकाच्या नावांवरून.

सगळ्यांत मोठी शाखा चौथी. सहा भावंडं, त्यातल्या एकाने लग्न केलं नाही, बाकी पाच जणांची १५ मुलं. त्या पंधरांपैकी पाच जणांना मिळून ९ मुलं. टोकाच्या ओळी मोजा: मुलं नसलेले १०, सर्वांत लहान ९ आणि तो एक अविवाहित काका, म्हणजे २०. एका ओळीला साडेचार सेंटिमीटर धरले तर ९० सेंटिमीटर लागतात. फलक १२२ सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे वर शीर्षक आणि खाली पुढच्या बाळांसाठी जागा उरते. रुंदीत चार पिढ्यांचे चार रकाने, प्रत्येकी साधारण २२ सेंटिमीटर. यात २८ पॉइंटचं अक्षर आरामात बसतं, आणि ते दोन-तीन फुटांवरून वाचता येतं. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधलं अंतर सढळ ठेवा, नाहीतर खालच्या ओळीचा रफार वरच्या उकाराला भिडतो.

फलकाची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर असू द्या. त्याहून खाली लावलेली नावं कोणी वाकून वाचत नाही. समोर दोन-तीन खुर्च्या ठेवा, कारण तिथे गर्दी होणार आणि ज्येष्ठ तिथेच मुक्काम ठोकणार. भिंतीला चिकटपट्टी किंवा खिळा चालेल का हे कार्यालयाला आधीच विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही, मग स्टँड भाड्याने आणावे लागतात.

छपाईवाल्याकडे काय द्यायचं?

पीडीएफ, फॉन्ट आत बसवलेली. वर्डची फाइल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर देऊ नका. फ्लेक्सवाल्यांकडे बऱ्याचदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम चालतं. त्यात युनिकोड मजकूर चिकटवला की ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात, आणि मग ते लोक हाताने पुन्हा टाइप करतात. १७२ नावं दुसऱ्याने पुन्हा टाइप केली की त्यात किती बदल होतील याचा अंदाज तुम्हीच करा. मुक्ता हा मोफत मिळणारा फॉन्ट फलकाला चांगला दिसतो.

चकाकणाऱ्या फ्लेक्सवर ट्यूबलाइटची तिरीप पडून नावं दिसत नाहीत, आणि फोटो काढताना तर अजिबातच. मॅट कापड किंवा जाड कागद घ्या. तीन फूट रुंदी मुद्दाम धरली आहे: प्लॉटरचा ३६ इंची रोल सगळीकडे असतो. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाई, बिल्ल्यांची पाकिटं आणि दोऱ्या हे सगळं एका फेरीत होतं. दुपारी एक ते चार जाऊ नका. कारण पुणेकरांना सांगायला नको.

फोटो लावायचे का?

आजोबा-आजी आणि सहा मुलं यांचे जरूर लावा. बाकी सगळ्यांचे लावायला गेलात तर ओळीची उंची वाढते आणि वरचं गणित कोलमडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो फलकाला चालत नाही असं सगळे सांगतात, पण तीन सेंटिमीटरच्या चौकटीला अडीचशे पिक्सेल रुंदीचा चेहराही पुरतो. अडचण येते ती लग्नाच्या समूहफोटोतून एक डोकं कापून काढलं की. तेव्हा मूळ फोटोच सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, काच काढून पुन्हा टिपा.

बिल्ल्यावर नेमकं काय लिहायचं?

तीनच गोष्टी. सर्वांत मोठ्या अक्षरात ज्या नावाने घरात हाक मारतात ते नाव: बेबीताई, बंडू, माई. त्याखाली मध्यम अक्षरात पूर्ण नाव. तळाशी शाखेच्या रंगाची पट्टी आणि तिच्यावर क्रमांक. पट्टीचा रंग आणि त्या शाखेच्या फलकाचा रंग एकच, म्हणजे बिल्ला बघून माणूस थेट आपल्या फलकापाशी जातो.

लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत थोडा विचार करा. आपल्याकडे पूर्वी लग्नात नावही बदलायचे, त्यामुळे सासरच्या नावाने छापलेला बिल्ला माहेरच्या भावंडांना काहीच सांगत नाही. ज्या नावाने ती या घरात वाढली ते मोठं घाला. सुनांच्या बिल्ल्यावर उलट त्यांना हवं ते नाव, आणि हवं असेल तर माहेरचं आडनाव. शीटमध्ये तो रकाना त्यासाठीच आहे.

‘श्री.’, ‘सौ.’, पदव्या, हुद्दे सगळं गाळा. डॉक्टर पुतण्या रागावला तर रागावू दे. एकदा ‘डॉ.’ छापलं की इंजिनिअर, वकील आणि निवृत्त उपअभियंता असे तिघे रांगेत उभे राहतात.

रंग फिके घ्या आणि अक्षर काळं. लाल आणि हिरवा असे दोन्ही घेऊ नका, काहींना त्यातला फरक दिसत नाही. बिल्ल्याचं माप १० बाय ७ सेंटिमीटर. व्हिजिटिंग कार्डाच्या मापात घरातलं नाव पुरेसं मोठं येत नाही.

पिन, दोरी की चुंबक?

पिन रेशमी साडीला भोक पाडते. पैठणी नेसून आलेल्या मामीला पिन पुढे करून बघा. चुंबकाचे बिल्ले देखणे असतात, पण हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी ते छातीवर लावू नयेत, आणि या वयोगटात असं कोणीतरी निघतंच. म्हणून दोरी. दोरीचे दोन दोष आहेत. बिल्ला उलटा फिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंना छापा. आणि तो पोटापर्यंत लोंबतो, जेवताना टेबलाखाली जातो, शिवाय समोरच्याला पोटाकडे बघून नाव वाचावं लागतं. दोरीला मागे मानेपाशी एक गाठ मारून बिल्ला छातीच्या उंचीवर आणा. गाठी आदल्या रात्रीच मारून ठेवा.

दारात बिल्ले कसे वाटायचे?

आडनावाच्या अकारविल्ह्याने लावू नका, एकाच अक्षराखाली चाळीस बिल्ले येतील. टेबलावर सहा रंगांचे सहा गठ्ठे, आत क्रमांकाने. प्रत्येक गठ्ठ्यामागे त्याच शाखेतलं कॉलेजात जाणारं एक पोर. न कळवता येणारे असतातच, तेव्हा प्रत्येक रंगाचे तीन-चार कोरे बिल्ले आणि एक जाड स्केचपेन हाताशी हवं.

तारीख कोणती धरावी?

परदेशातली मंडळी डिसेंबरच्या शेवटी येतात. डिसेंबर-जानेवारीत पौष असतो आणि पौषात लग्नं कमी, त्यामुळे पुण्यातली मंगल कार्यालयं तेव्हा तुलनेने सहज मिळतात. हॉल तळमजल्यावर किंवा लिफ्टचा बघा. मेट्रोच्या जवळ असेल, म्हणजे नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, शिवाजीनगर असा, तर पार्किंगची निम्मी कटकट वाचते. वंशवृक्षासाठी सलग पंचवीस फुटांची मोकळी भिंत किंवा तेवढी जागा आहे का, हे हॉल बघायला गेल्यावर टेपने मोजा.

भिंतीवर जन्मतारखा आणि फोन नंबर द्यावेत का?

हयात माणसाचं फक्त जन्मसाल, तेही त्याला चालत असेल तर. पूर्ण जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव या दोन गोष्टी कितीतरी ठिकाणी ओळख पटवायला विचारतात. फलकाचा फोटो त्याच संध्याकाळी कोणीतरी फेसबुकवर टाकणार हे धरूनच चाला. फोन नंबर शीटमध्ये राहू द्यात, आणि शीट बघण्याची परवानगी सहा शाखांच्या सहा माणसांपुरती.

चुका कशा पकडायच्या?

छपाईच्या तीन आठवडे आधी प्रत्येक शाखेला फक्त तिचाच फलक पीडीएफमध्ये पाठवा. सगळे फलक पाठवले तर लोक दुसऱ्याच्या शाखेतल्या चुका काढतात. उत्तराला एक तारीख द्या आणि ‘आमच्याकडून बरोबर’ असं लेखी घ्या. तरीही चुका राहतील. संमेलनाच्या दिवशी प्रत्येक फलकाशेजारी दोरीने बांधलेली पेन्सिल ठेवा आणि लोकांना थेट फलकावरच लिहू द्या. मॅट कागदावर पेन्सिल उमटते, फ्लेक्सवर नाही. घरी जाण्यापूर्वी सातही फलकांचे जवळून फोटो काढा, आणि त्या पेन्सिलच्या दुरुस्त्या त्याच आठवड्यात शीटमध्ये चढवा. फलक नंतर कोणी ठेवायचे हे आधीच ठरवा, सहा शाखांनी आपापला घरी नेणं सर्वांत सोयीचं. मधला छोटा फलक ज्यांच्याकडे कुलदेवता आहे त्यांच्याकडे.